रीलचं कव्हर: कुठली फ्रेम ठेवावी आणि तिच्यावर काय लिहावं?

कसबा_पुतणी

नमस्कार मंडळी. माझे काका कसबा पेठेत कल्हईचं काम करतात. तांबट आळीच्या अलीकडे छोटं दुकान आहे. गेलं वर्षभर मी त्यांच्या कामाचे छोटे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकते आणि तेच यूट्यूब शॉर्ट्सवरही चढवते. एकेक व्हिडिओ चाळीस-पन्नास सेकंदांचा असतो. लोक स्क्रोल करताना बघतात, बरेचदा पूर्ण बघतात. पण आमच्या प्रोफाइलवर येऊन दुसरा व्हिडिओ उघडणारं जवळजवळ कुणीच नाही.

काल एका ओळखीच्या काकूंनी सांगितलं, "अगं, तुझ्या पानावर गेले तर सगळीकडे नुसता पांढरा धूर. कुठे काय आहे कळेना, म्हणून परत फिरले." मी जाऊन बघितलं, तर खरंच तसंच आहे. नवसागर टाकल्यावर जो धूर उठतो तीच फ्रेम मी दर वेळी कव्हरला ठेवली होती, कारण मला ती सगळ्यात नाट्यमय वाटायची. वर मजकूर असा: "पारंपरिक तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याची संपूर्ण प्रक्रिया, कसबा पेठ, पुणे".

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चित्र कुठलं ठेवू? आणि त्यावर काय लिहू, म्हणजे बघणाऱ्याला उघडावंसं वाटेल?

मनोज_वारजे

थंबनेल १२८० बाय ७२० चं करा, फाइल २ एमबीच्या आत ठेवा. डावीकडे काकांचा चेहरा मोठा, उजवीकडे पिवळ्या अक्षरांत मजकूर. माझ्या ट्रेकिंगच्या व्हिडिओंना हेच करतो.

कसबा_पुतणी

मनोजदादा, ते आडव्या व्हिडिओचं झालं ना? आमचे उभे आहेत.

मनोज_वारजे

हो हो, घाईत वाचलं. मग उभं १०८० बाय १९२०. पण चेहऱ्याचं म्हणणं कायम आहे. माणूस माणसाकडे बघतो.

डेक्कन_एडिटर

पुतणीताई, आधी एक गुंता सोडवू, मग चित्राकडे येऊ. पहिली फ्रेम आणि कव्हर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी कामाला येतात.

कुणी रील्स किंवा शॉर्ट्स एकामागून एक सरकवत असतो तेव्हा तुमचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. तिथे टॅप करायचा प्रश्नच येत नाही. थांबायचं की पुढे जायचं, एवढंच तो ठरवतो, तेही व्हिडिओच्या अगदी पहिल्या क्षणात जे दिसतं त्यावरून. तिथे तुम्ही जीव ओतून केलेलं कव्हर त्याला दिसतही नाही.

कव्हर दिसतं ते तुमच्या प्रोफाइलच्या जाळीत, शोधात, आणि कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला की त्यासोबत येणाऱ्या छोट्या चित्रात. या तिन्ही ठिकाणी चित्र हलत नाही आणि शेजारी दुसरी चित्रं असतात. ताई, तुमचं म्हणणं असं, की स्क्रोल करणारे बघतात पण पानावर येणारे उघडत नाहीत. म्हणजे पहिली फ्रेम तिचं काम करते आहे. दुखणं कव्हरचंच आहे.

वाघोलीकर_सचिन

असहमत. मी केकच्या व्हिडिओंची कव्हरं बदलली आणि व्ह्यूज दुप्पट झाले. म्हणजे कव्हर सगळीकडे चालतं.

डेक्कन_एडिटर

सचिन, व्ह्यूज कुठून वाढले ते बघितलंत का? त्या रीलच्या इनसाइट्समध्ये जा. प्रोफाइलमधून वाढले असतील तर ते कव्हरचं श्रेय. रील्स टॅबमधून वाढले असतील तर कारण दुसरं काहीतरी आहे. त्याच दिवसांत तुम्ही काही वेगळं केलं होतं का?

वाघोलीकर_सचिन

नाताळचा आठवडा होता. प्लम केक. बघून सांगतो.

अक्षरवेडी

मी अक्षरांचं काम करते, तेव्हा मजकुराबद्दल बोलते.

ताई, प्रोफाइलच्या जाळीत एका ओळीत तीन चौकटी असतात. साधारण फोनचा पडदा सात सेंटिमीटर रुंद धरला, तर तुमचं आख्खं कव्हर सव्वादोन-अडीच सेंटिमीटरमध्ये बसतं. पोस्टाच्या तिकिटाएवढं. तुमच्या सध्याच्या मजकुरात दहा-अकरा शब्द आहेत. ते तिकिटावर छापले तर वाचेल कोण?

मी असा हिशेब करते. १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात शिरोरेषेपासून खालपर्यंत अक्षराची उंची ११० ते १२० पिक्सेल हवी. फोनवर ती अडीच मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे चष्मा न लावताही वाचता येते. त्या मापाला दोन्ही बाजूंची मोकळी जागा सोडून एका ओळीत जेमतेम सात-आठ अक्षरं मावतात. ओळी दोन, फार तर तीन. म्हणून "काय लिहू" या प्रश्नाचं अर्धं उत्तर "बारा-पंधरा अक्षरांत जे मावेल ते" असंच आहे.

आता मजकूर कुठे ठेवायचा ते. पूर्वी इन्स्टाची जाळी चौकोनी होती. २०२५ च्या सुरुवातीला ती उभी झाली, आता तीनास चार या प्रमाणात दिसते. म्हणजे १९२० पैकी मधले १४४० पिक्सेल दिसतात, वरचे २४० आणि खालचे २४० कापले जातात. तुमची ओळ अगदी वर आहे, म्हणून "पारंपरिक"ची वेलांटीच उडाली आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात व्ह्यूजचा आकडा येतो, वर उजवीकडे रीलची खूण. ते दोन्ही कोपरे मोकळे सोडायचे.

सातारारोडची_सुगरण

अक्षरवेडी, हे वाचून माझं पान उघडलं. माझ्या पुरणपोळीच्या रीलवर "पुरणपोळी" हाच शब्द तुटक दिसतो. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी, मध्ये फटी. फोनमध्ये टाइप करताना तर बरोबर होतं. असं का होतं?

अक्षरवेडी

सुगरणताई, अक्षरांमधलं अंतर वाढवायची पट्टी असते, ती शून्यावर आणा. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना अंतर दिलं तर छान दिसतं. आपल्याला शिरोरेषा एकसंध लागते, अंतर दिलं की ती तुटते.

तसाच दुसरा त्रास बाह्यरेषेचा. चित्रावर मजकूर उठून दिसावा म्हणून बहुतेक जण अक्षरांना काळी किनार देतात. पण देवनागरीत शेजारची अक्षरं शिरोरेषेपाशी एकमेकांवर चढलेली असतात. काही अ‍ॅप्स प्रत्येक अक्षराला वेगळी किनार काढतात, मग प्रत्येक जोडावर काळी चीर दिसते. किनारीऐवजी अक्षरांमागे गडद पट्टी द्या किंवा हलकी सावली द्या.

आणि "ऱ्ह", "ल्ह" अशी जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसत असतील, किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसत असेल, तर त्या अ‍ॅपला देवनागरी जुळवताच येत नाही. तिथे झगडू नका. मजकूर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये चित्रावर लिहा आणि ते चित्र कव्हर म्हणून चढवा. "कल्हई" शब्दात "ल्ह" आहे, म्हणून पुतणीताईंनी हे आधी तपासावं.

सातारारोडची_सुगरण

अंतर शून्यावर आणलं. जुळलं! किती दिवस वाटत होतं की माझा फोनच जुना आहे.

कसबा_पुतणी

अक्षरवेडीताई, तपासलं. व्हिडिओच्या अ‍ॅपमध्ये "कल्‌हई" असं पाय मोडून येतं. फोटोच्या अ‍ॅपमध्ये बरोबर येतं. मुक्ता फाँट जाड करून घेतला आहे.

आता चित्राचं सांगा. काकांचा चेहरा ठेवू का? ते भट्टीकडे खाली बघत असतात, त्यामुळे बहुतेक फ्रेममध्ये डोळे मिटल्यासारखे दिसतात.

डेक्कन_एडिटर

एका व्हिडिओत काय काय होतं ते क्रमाने सांगता का? म्हणजे फ्रेम शोधता येईल.

कसबा_पुतणी

भांडं भट्टीवर तापतं. नवसागर टाकला की धूर उठतो. मग कथलाची कांडी तापल्या भांड्याला टेकवतात, ती लगेच वितळते. कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून सगळीकडे फिरवतात. काळपट तांबूस भांडं बोळा जाईल तसं पांढरं चकचकीत होत जातं. शेवटी पाण्यात बुडवतात.

डेक्कन_एडिटर

मग तुमची फ्रेम बोळा फिरतानाची आहे, तीही अर्धवट असतानाची. अर्धं भांडं काळपट, अर्धं लखलखीत, आणि त्या रेषेवर काकांचा हात.

धूर हलताना सुंदर दिसतो. थांबवला की तो नुसता पांढरा डाग होतो आणि मागचं सगळं फिकट करतो. पूर्ण झालेलं भांडं ठेवलं तर ते दुकानातलं कुठलंही नवं भांडं वाटतं. अर्धवट भांड्याला मात्र आधीही आहे आणि नंतरही आहे. पुढे काय होणार हे बघणाऱ्याला कळतं, पण ते अजून झालेलं नसतं. म्हणून तो उघडतो.

चेहऱ्याबद्दल मनोजचं म्हणणं चूक नाही. पण मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा तिकिटाएवढ्या जागेत काही सांगत नाही. इथे हातच बोलतो आहे.

कसबा_पुतणी

मी आत्ताच फ्रेम काढायला बसले. सगळ्या फ्रेममध्ये हात अस्पष्ट आहे. काकांना विचारलं, एक क्षण हात थांबवाल का? ते म्हणाले, "थांबलो तर कथील गोठतं आणि डाग पडतो. तुझ्या फोटोसाठी गिऱ्हाइकाचं भांडं नासवू का?"

डेक्कन_एडिटर

काका बरोबर आहेत, त्यांना थांबवू नका. हात पुढे-मागे फिरतो ना? दिशा बदलताना तो प्रत्येक फेरीच्या टोकाला आपोआप क्षणभर थांबतो. व्हिडिओ एकेक फ्रेमने सरकवा आणि फेरीची टोकं शोधा. तिथली फ्रेम मधल्या फ्रेमपेक्षा कितीतरी स्वच्छ असते.

पुढच्या वेळी सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेमवर चित्रित करा. मग एका फ्रेमला सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा जास्त वेळ मिळतच नाही, म्हणून हात कमी पसरतो. मात्र उजेड जास्त लागतो, अंधाऱ्या दुकानात चित्र दाणेदार होईल. भट्टी दारापाशी घेता आली तर सकाळी घ्या. आणि चित्रण सुरू करण्याआधी एखाद्या चकचकीत भांड्यावर बोट दाबून प्रकाश तिथे बांधून घ्या. नाहीतर फोन काळपट भाग उजळायला जातो आणि कथलाची चकाकी पांढरीफटक होते.

मनोज_वारजे

टोकाला हात थांबतो हे भारी आहे. ट्रेकमध्ये दोरावरून उतरणाऱ्यांना हेच लावून बघतो.

वाघोलीकर_सचिन

मजकुरासाठी सुचवतो: "तांब्याची झाली चांदी!" दोन ओळी, अक्षरवेडीच्या मापात बसतं.

कसबा_पुतणी

सचिनदादा, मला खूप आवडलं होतं. काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "चांदी म्हणू नकोस. कथील आहे ते. उद्या कुणीतरी चांदीचा मुलामा करून द्या म्हणून भांडं घेऊन येईल, त्याला मी काय सांगू?"

पर्वती_शिक्षिका

काकांना नमस्कार सांगा. मी शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाचे छोटे व्हिडिओ करते. एकदा "पाणी पेटवलं!" असं कव्हर केलं होतं. आत प्रत्यक्षात स्पिरिट होतं. मुलांनी उघडलं खूप, पण पाचव्या-सहाव्या सेकंदाला सोडून गेली. टिकून राहण्याचा आलेख तिथे असा कोसळला होता की बघवत नव्हतं. तेव्हापासून मी कव्हरवर जे लिहिते ते पहिल्या पाच सेकंदांत दाखवते, निदान त्याचा धागा तरी देते.

औंधचा_ओंकार

मला मुळात मजकूर नकोच वाटतो. अर्धं काळं, अर्धं लखलखीत भांडं आणि मधे हात, एवढं चित्र असताना शब्द कशाला? मी कुंभारकामाचे व्हिडिओ करतो. एकाही कव्हरवर अक्षर नाही, तरी लोक उघडतात. पान बघायला शांत वाटतं.

अक्षरवेडी

ओंकार, चाकावरची माती सगळ्यांना कळते. भांड्याच्या आतलं अर्धं पांढरं म्हणजे कल्हई, हे आज किती जणांना कळेल? माझ्या घरात माझ्या आईला कळेल, माझ्या मुलीला नाही.

मी हा नियम पाळते: चित्रात जे दिसतं तेच शब्दांत पुन्हा लिहायचं नाही. "आधी आणि नंतर" लिहिलंत तर जागा वाया गेली, ते चित्रातच आहे. चित्र जे सांगू शकत नाही ते शब्दांनी सांगायचं. भांडं कुणाचं, कशासाठी आणलं, किती वर्षं पडून होतं?

कसबा_पुतणी

हे भांडं एका आजींचं आहे. नातवाच्या मुंजीला त्यात आमटी करायची म्हणून माळ्यावरून काढून आणलं होतं. हे मी व्हिडिओत कुठेच सांगितलेलं नाही!

अक्षरवेडी

मग हे घ्या:

आजीचं पातेलं
पुन्हा चुलीवर

दोन्ही ओळींत सहा-सहा अक्षरं. पण मग शिक्षिकाबाई म्हणतात तसं, सुरुवातीलाच त्या आजींच्या पातेल्याबद्दल एक वाक्य यायला हवं.

औंधचा_ओंकार

हे छान आहे, मान्य. तरी माझं मत बदललेलं नाही. दर कव्हरवर अक्षरं आली की पान दुकानाच्या फलकांसारखं दिसतं.

हडपसर_फिजिओ

मध्येच विचारते. माझे गुडघ्याच्या व्यायामाचे व्हिडिओ आहेत आणि मी ते फक्त शॉर्ट्सवर टाकते. तिथे कव्हरचं चित्र बाहेरून चढवायची सोय मला सापडत नाही. मग अक्षरवेडीताईंचं सगळं कसं करायचं?

डेक्कन_एडिटर

शॉर्ट्सवर मी अजून तरी फोनवरून अपलोड करतानाच व्हिडिओतली एक फ्रेम निवडतो. नंतर बदलायला गेलो तेव्हा तो पर्याय मला मिळाला नव्हता, म्हणून तिथे घाई करत नाही. कव्हरला हवी ती फ्रेम मजकुरासकट व्हिडिओतच असायला हवी. काही जण शेवटी दोन-तीन फ्रेमपुरतं कव्हरचं चित्र चिकटवतात. पण बोटाने सरकवताना ते सापडत नाही, आणि व्हिडिओ पुन्हा सुरू होताना लखकन चमकून जातं, ते खटकतं. त्यापेक्षा मधल्याच एखाद्या चांगल्या क्षणी मजकूर सेकंदभर पडद्यावर ठेवा आणि तीच फ्रेम निवडा. मग तो मजकूर व्हिडिओचाच भाग वाटतो. पुतणीताईंनाही हे लागेल, कारण त्या दोन्हीकडे टाकतात.

शिवाय शॉर्ट्सच्या यादीत बहुतेक ठिकाणी शीर्षकही दिसतं. तेव्हा चित्रावर आणि शीर्षकात तेच शब्द नकोत. चित्रावर "जिना उतरताना दुखतं?" असेल, तर शीर्षकात व्यायामाचं नाव येऊ दे.

हडपसर_फिजिओ

"जिना उतरताना दुखतं?" हे मी वापरते. माझे निम्मे पेशंट पहिलं वाक्य हेच बोलतात.

वाघोलीकर_सचिन

बघितलं. डिसेंबरमधली वाढ जवळजवळ सगळी रील्स टॅबमधली होती. प्रोफाइलमधून थोडीशी. डेक्कनभाऊ, तुमचं बरोबर होतं, प्लम केकचा हंगाम होता. तरी प्रोफाइलमधली थोडी वाढ कव्हरचीच, एवढं मला धरू द्या.

डेक्कन_एडिटर

धरा की. मीही तेच म्हणत होतो.

कसबा_पुतणी (तीन आठवड्यांनी)

मंडळी, परत आले. इन्स्टावर जुन्या रीलची कव्हरं व्हिडिओ न उडवता बदलता आली, म्हणून एका रात्रीत अकरा बदलली. धुराची फक्त एक ठेवली, ती काकांची आवडती आहे.

आजींच्या पातेल्याचं कव्हर लावलं आणि ते वाक्य सुरुवातीला माझ्या आवाजात घालून व्हिडिओ नव्याने टाकला. प्रोफाइलवरून उघडणारे वाढले आहेत, इनसाइट्समध्ये दिसतं. पण सगळ्यात जास्त उघडली गेली ती दुसरीच रील. तिच्यात काहीच घडत नाही. काका एक जुनं भांडं उजेडात धरतात आणि कथील झिजून आतून तांबं कुठे डोकावतं ते बोटाने दाखवतात. कव्हरवर तोच लालसर डाग, जवळून, आणि लिहिलंय:

कल्हई गेली,
कसं ओळखाल?

चौघांनी दुकानात येऊन पिशवीतून भांडं काढलं आणि आधी काकांना तो डागच दाखवला.

ओंकारदादा, तुमच्यासाठी एक कव्हर बिनअक्षरांचंही ठेवलं आहे, अर्ध्या घासलेल्या परातीचं. ते कसं चालतं ते अजून सांगता येत नाही, शेजारच्या दोन्ही चौकटींवर अक्षरं असल्यामुळे उलट तेच उठून दिसतंय.

औंधचा_ओंकार

बघून आलो. परात सुरेख आहे. बघा, महिनाभर तशीच ठेवा.

पर्वती_शिक्षिका

पुतणीताई, त्या डागाच्या रीलचा दुवा इथे द्या ना. माझ्या आईच्या पातेल्यात तसंच काहीतरी दिसतंय.

कसबा_पुतणी

देते. आणि पातेलं घेऊन येणार असाल तर सकाळी या, हल्ली चित्रणासाठी भट्टी दारापाशी असते.